बेत कोण आखतं?

शनिवारी नाटकाला जायचं का, यावर ‘हो’ म्हणायला क्षणही लागत नाही. त्याआधी कुणीतरी जाहिरात पाहिलेली असते, तारीख जुळवलेली असते, मुलांना सांभाळाल का असं आजीला विचारलेलं असतं.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांच्या अभ्यासातून अशा कामाचे चार टप्पे मांडले: गरज ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, पाठपुरावा. निर्णय बहुधा दोघं मिळून घेत. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र मुख्यतः बायकांकडेच राही.

म्हणून ‘तू सांग, मी तिकिटं काढतो’ ही वाटणी अपुरीच. त्यापेक्षा महिने वाटून घ्यावेत. या महिन्यात नाटक सुचवण्यापासून आजीला फोन करण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे. तिनं आठवण करायची नाही, निवडीला नावंही ठेवायची नाहीत. एखादा शनिवार रिकामा गेला, तर जाऊ द्यावा.