कंपनी बदलली, थकबाकी तीच

३० मार्च २०२२ रोजी सिटी बँकेने जाहीर केलं की भारतातला आपला किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय, म्हणजे क्रेडिट कार्डं, बचत खाती, वैयक्तिक कर्जं, ती अ‍ॅक्सिस बँकेला विकणार आहे. १ मार्च २०२३ रोजी व्यवहार पुरा झाला. किंमत ठरली ११,६०३ कोटी रुपये. लाखो ग्राहकांच्या पाकिटातलं कार्ड मात्र त्या दिवशी होतं तसंच राहिलं. त्यावर नाव सिटीचं, बिलावर चिन्ह सिटीचं. अ‍ॅक्सिसच्या यंत्रणेत ही कार्डं गेली ती जुलै २०२४ मध्ये. म्हणजे मधले सोळा महिने लोक सिटीचं बिल समजून जे पैसे भरत होते, ते खरं तर अ‍ॅक्सिसचे देणेकरी म्हणून.

एखादी सेवा विकली जाते किंवा दुसरीत मिसळते, तेव्हा तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या वेगाने प्रवास करतात, आणि गोंधळ नेमका तिथे होतो. तुमच्याकडची थकबाकी पहिल्याच दिवशी नव्या मालकाकडे पोचते. तुमचा प्लॅन आणि त्यावरच्या सवलती मागाहून येतात, बऱ्याचदा वेगळ्या रूपात. आणि खात्यातून आपोआप पैसे कापायची जी परवानगी तुम्ही दिलेली असते, तिचं काय होतं याची पुष्कळांना कल्पनाच नसते.

थकबाकी एवढी तातडीने का पोचते? वसुलीचा हक्क ही आपल्या कायद्यात विकता येण्याजोगी मालमत्ता आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं १३० वं कलम सांगतं की असा हक्क लेखी करून दुसऱ्याला देता येतो, आणि त्यासाठी देणेकऱ्याची संमती लागत नाही. दोन कंपन्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मंजुरीने एकत्र होतात, तेव्हा तर मंजूर योजनेनुसार येणी, देणी आणि करार एका झटक्यात नव्या कंपनीच्या नावे होतात. ‘मी कर्ज त्या बँकेकडून घेतलं होतं, या बँकेकडून नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

पण त्याच १३० व्या कलमात देणेकऱ्यासाठी एक खिडकी ठेवलेली आहे. येणं विकल्याची सूचना मिळण्याआधी तुम्ही भाबडेपणाने जुन्या मालकाला पैसे दिले असतील, तर ते फिटलेच असं धरलं जातं. जुन्याने ते नव्याला पोचवले की नाही, हा त्या दोघांमधला प्रश्न. सूचनेची तारीख एवढी मोलाची असते ती यासाठी. ज्या ईमेलमध्ये किंवा एसएमएसमध्ये ‘अमुक तारखेपासून’ असे शब्द आहेत, तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नये.

आता एक कल्पित ग्राहक घेऊ. ठाण्यात राहणाऱ्या या बाईंनी कार्डावर फ्रीज घेतला आहे, बारा हप्त्यांत. सात हप्ते फिटलेत, पाच उरलेत. मध्येच कार्डाचा व्यवसाय दुसऱ्या बँकेने घेतला. उरलेले पाच हप्ते त्याच रकमेने, त्याच व्याजदराने चालतात, कारण तो करार जसाच्या तसा नव्या मालकाकडे आलेला आहे. इथवर सगळं सुरळीत. घोळ होतो तो बिल भरताना. बाई दर महिन्याला मोबाइलमधल्या अ‍ॅपवरून, आधीच साठवून ठेवलेल्या जुन्या कार्डक्रमांकावर पैसे पाठवतात. बदलाच्या आठवड्यात तो क्रमांक किंवा त्यामागचा बँकेचा कोड बंद झाला, तर पैसे खात्यातून निघतात, कुठेतरी अडकतात आणि काही दिवसांनी परत येतात. तोवर बिलाची शेवटची तारीख उलटून गेलेली असते.

अशा वेळी रिझर्व्ह बँकेचा एक छोटा नियम कामाला येतो. शेवटची तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त काळ लोटल्याशिवाय कार्डाचं खातं थकलं असं नोंदवता येत नाही, आणि विलंब शुल्कही लावता येत नाही. एकदा तीन दिवस ओलांडले की मात्र उशीर मूळ तारखेपासूनच मोजला जातो. म्हणून बदलाच्या महिन्यात बिल चार-पाच दिवस आधी भरावं, आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक जपून ठेवावा. पैसे कुठे अडकले हे शोधायला बँकेतल्या माणसाला दुसरा धागा नसतो.

मागच्या वर्ष-दोन वर्षांची बिलं आधीच उतरवून घ्यावीत, हेही इथेच सांगायला हवं. जुनं अ‍ॅप बंद झालं की कधी कधी जुना हिशेबही त्याच्याबरोबर दिसेनासा होतो. एखाद्या रकमेबद्दल वाद चालू असेल, तर तक्रारीचा क्रमांक आणि बँकेचं उत्तर कागदावर घ्यावं, नाहीतर नव्या बँकेत ‘आमच्याकडे अशी नोंद नाही’ इथून सुरुवात होते.

बँका एकत्र झाल्या तर हीच अडचण उलट्या बाजूनेही येते. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, पण तिचे जुने आयएफएससी कोड बंद झाले ते १ मार्च २०२१ पासून. जवळपास दोन वर्षं जुना कोड चालत राहिल्यावर तो बदलायचं कुणाला सुचणार? पण पगार, भाडं किंवा पेन्शन जिथून येतं तिथे जुनाच कोड राहिला, तर पैसे अडकतात ते आपल्याकडे यायचे असलेले.

दुसरी गोष्ट, प्लॅन आणि सवलती. इथे नव्या मालकाला बरीच मोकळीक असते. सिटीचं प्रीमियरमाइल्स कार्ड अ‍ॅक्सिसच्या होरायझन कार्डात बदललं, प्रेस्टिज कार्ड ऑलिम्पस झालं. नाव बदललं की त्यासोबत गुण मिळण्याचा दर, ते वापरायच्या जागा आणि वार्षिक शुल्काच्या अटी असं पुष्कळ काही बदलू शकतं. कायदा एवढंच बघतो की बदल मागच्या तारखेने लादू नये. कार्डाच्या शुल्कात बदल करायचा तर किमान एक महिना आधी कळवावं लागतं, आणि तो त्यानंतरच्या व्यवहारांनाच लागू होतो. जुन्या अटींवर आधीच लागलेलं शुल्क नव्या दराने वाढवता येत नाही.

त्या एका महिन्यात ग्राहकाच्या हातात काय असतं? बदल तोट्याचा वाटला तर कार्ड परत करायचा हक्क, आणि ते बंद करण्यासाठी कुठलंही जादा शुल्क द्यावं लागत नाही. आधीची थकबाकी मात्र फेडावी लागते. ती फिटल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायला हवं, नाहीतर उशिराच्या दर दिवसामागे ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हा दंड कुणी आपणहून खात्यात जमा करतं असं मानू नये, मागावा लागतो. आणि तुमची स्पष्ट संमती न घेता वरच्या दर्जाचं महागडं कार्ड देऊन त्याचं शुल्क लावलं, तर बँकेने ते परत तर करायचंच, वर त्याच्या दुप्पट दंडही द्यायचा.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक: परवानगी. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि डिस्ने+ हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार सुरू झालं. जिओसिनेमाचा प्रीमियम प्लॅन एप्रिल २०२४ पासून महिना २९ रुपयांना मिळत होता. नव्या अ‍ॅपवर प्रीमियमचा महिन्याचा दर २९९ रुपये ठेवला गेला. जुन्या प्रीमियम ग्राहकांना त्यांच्या भरलेल्या मुदतीपुरतं नव्या प्रीमियममध्ये बसवलं गेलं. आगाऊ पैसे भरलेल्या सेवेत साधारण असंच घडतं. भरलेली मुदत शब्दाला जागून पुरी केली जाते, खरा प्रश्न मुदत संपते त्या दिवशी उभा राहतो.

मुदत संपल्यावर २९ च्या जागी २९९ रुपये आपोआप कापता येतील का? ते तुम्ही मूळ परवानगी देताना काय मान्य केलं होतं, यावर ठरतं. यूपीआय ऑटोपेच्या परवानगीत पैसे घेणाऱ्याचं नाव, किती वेळाने कापायचे, कुठवर कापायचे आणि जास्तीत जास्त किती, हे सगळं नोंदलेलं असतं. कमाल रक्कम २९ असेल तर २९९ कापता येणार नाहीत. त्यासाठी ग्राहकाने पुन्हा पिन टाकून नवी परवानगी द्यावी लागेल. पण प्लॅन पन्नास रुपयांचा आणि कमाल मर्यादा मात्र पाचशेची, अशीही परवानगी घेतलेली असू शकते. तिथे दर वाढवायला नवी संमती लागत नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेचा विभाग उघडून रकमेआधी ‘upto’ लिहिलंय का, हे बघायला अर्धं मिनिट पुरतं.

शिवाय पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना देणं बंधनकारक आहे. त्या सूचनेत कोण, किती आणि कधी कापणार हे असतं, आणि तिथूनच तो एक व्यवहार किंवा अख्खी परवानगी रद्द करता येते. कंपनीचं नाव बदललं की या सूचनेवर अनोळखी नाव दिसतं. कुणी घाबरून सगळंच रद्द करतं, आणि मग त्यातला एखादा विम्याचा हप्ताही चुकतो. उलट कार्डावरून दिलेल्या परवानग्या कार्डाचा क्रमांक बदलला की बंद पडू शकतात. वीजबिल भरलं गेलंय या समजुतीत घर निवांत असतं आणि बिल थकलेलं असतं.

मोबाइलवाल्यांना याबाबतीत थोडं जास्त संरक्षण आहे. ट्रायच्या नियमानुसार ग्राहकाने घेतलेला दर सहा महिने त्याच्या तोट्याचा होईल असा बदलता येत नाही, आणि जास्त मुदतीचे पैसे आगाऊ घेतले असतील तर ती पूर्ण मुदत जुनाच दर चालतो. जुलै २०२४ मध्ये जिओचा २८ दिवसांचा २३९ रुपयांचा प्लॅन २९९ चा झाला. त्याआधी ज्यांनी जुन्या दराने पुढचे रिचार्ज करून रांगेत लावून ठेवले होते, त्यांना वाढ उशिरा जाणवली.

बदलानंतर दोन-तीन महिन्यांनी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे क्रेडिट रिपोर्ट. कर्ज किंवा कार्ड दुसऱ्या बँकेकडे गेलं की जुन्या बँकेची नोंद बंद दिसायला हवी आणि नव्या बँकेची चालू. दोन्ही चालू दिसत असतील तर कागदावर तेच कर्ज दोनदा धरलं जातंय, आणि गृहकर्ज मागायला गेल्यावर पात्रता कमी का भरते हे कुणालाच कळत नाही. सिबिलसारख्या संस्थेने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यात चूक सापडली तर लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्यापुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते. बँकेविरुद्धच्या तक्रारीलाही हीच ३० दिवसांची मुदत आहे; तेवढ्यात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार नोंदवता येते. तिथे पहिल्यांदा विचारतात ते बँकेकडे केलेल्या तक्रारीची तारीख आणि क्रमांक.