फुकटच्या नाण्यांचा हिशेब

गेल्या दिवाळीत सोमेश्वरनगरास आमच्या चुलतबंधूंकडे चार दिवस राहण्याचा योग आला. दादा नुकतेच निवृत्त झालेले. रात्रीची जेवणे आटोपली की ते पडवीत बसून मोबाईलवर फिरत्या चक्रांचा खेळ खेळत. वहिनींनी हटकले तर म्हणत, "अगं, नाणी फुकट मिळतात. ह्यात जुगार कसला?" पुढे बँकेचे पासबुक भरून आणले, तेव्हा एका महिन्यात एकोणनव्वद रुपयांच्या तेवीस नोंदी निघाल्या, एकूण २,०४७ रुपये!

हे कसे घडते, ते पाहण्याजोगे आहे. समजा, खेळाने प्रथम एक लाख नाणी फुकट दिली. एका फेरीस १,००० नाणी लावावयाची आणि लावलेल्या शंभरांतून सरासरी पंच्याण्णव परत यावयाची. म्हणजे दर फेरीस ५० नाण्यांची झीज. लाख नाणी सुमारे २,००० फेऱ्या पुरतील. मिनिटास दहा फेऱ्या धरल्यास तीन तासांहून अधिक. परंतु खेळणारा वरच्या पायरीवर चढला की नवी चक्रे उघडतात आणि तेथे कमीत कमी पण १०,००० नाण्यांचा असतो. आता तीच लाख नाणी वीस मिनिटांत संपतात! आकडा तोच, मोल मात्र दशांश. नेमकी नाणी संपतात त्याच क्षणी पडद्यावर 'स्वस्त' पुडा विकावयास येतो.

गोव्याच्या कॅसिनोत जिंकणारा निदान पैसे घेऊन उठू शकतो. येथे कोट्यवधी नाणी जिंकली तरी त्यांचा एक रुपयाही होत नाही. पैसा आत जाण्यास वाट आहे, बाहेर येण्यास नाही. मग विकत घेतले ते काय? केवळ खेळण्याचा आणखी थोडा वेळ. अमेरिकेतील एका बाईने अशा नाण्यांवर हजाराहून अधिक डॉलर घालविले होते. तिच्या दाव्यात तेथील अपील न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये हेच ओळखले: नाणी वटत नसली तरी त्यांनी खेळ लांबतो, म्हणून वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याप्रमाणे ती मोलाची वस्तूच होय. आपल्याकडे २०२५ साली पैशाच्या ऑनलाइन खेळांस बंदी घालणारा कायदा संसदेने केला. परंतु बक्षीस रोख नाही, एवढ्यावरून खेळ बिनखर्ची ठरत नाही.

वहिनींनी वाद घातला नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दादांनीच प्रत्येक पुड्याची किंमत व तो पुरलेली मिनिटे लिहावी, एवढेच ठरले. पहिल्या ओळीत 'रु. ८९, मिनिटे १८' असे आले. तिसऱ्या ओळीनंतर दादांनी खरेदीस संकेतशब्द लावून तो वहिनींच्या स्वाधीन केला. खेळ अद्याप चालतो. फुकटची नाणी संपली की मात्र दादा अंथरूण घालतात.