वर चढणारा गॅस आणि मागे राहणारं तेल

इमारतीच्या गच्चीवर एक मोठं बाहेरचं युनिट आणि खालच्या मजल्यांवर त्याला जोडलेली आठ-दहा आतली युनिटं, अशी व्हीआरएफ पद्धतीची वातानुकूलन यंत्रणा आता नेहमी दिसते. तिच्यातला गॅस थंडावा देऊन तांब्याच्या उभ्या पाइपमधून गच्चीवरच्या कॉम्प्रेसरकडे परततो. कॉम्प्रेसरचं थोडं वंगणतेलही सतत गॅसबरोबर बाहेर पडतं, आणि तेही परत पोहोचावं लागतं. पण गॅससारखं ते आपोआप वर चढत नाही. पाइपच्या भिंतीला त्याचा पातळ थर चिकटतो आणि वेगाने जाणारा गॅस तो थर वर ओढत नेतो. वेग कमी पडला की तेल खाली घसरतं.

म्हणून पाइपची जाडी ठरवणं नाजूक काम आहे. २८ किलोवॅटची यंत्रणा, आर-४१०ए गॅस आणि ४० मीटरचा उभा पाइप घेऊ. बाहेरून २२ मिलिमीटरचा पाइप टाकला तर पूर्ण भारावर गॅसचा वेग सेकंदाला साधारण १५ मीटर होतो. तेल सहज चढतं, पण घर्षणात जवळपास १ बार दाब खर्ची पडतो आणि थंड करण्याची क्षमता घटते. २८ मिलिमीटरचा पाइप घेतला तर दाबाचा तोटा पाव बारवर येतो आणि वेग ९ मीटरवर. इथवर मोठा पाइप सरस वाटतो.

खरी परीक्षा रात्री होते. बहुतेक खोल्या बंद असतात आणि भार ४० टक्क्यांवर उतरतो. तेव्हा लहान पाइपमध्ये वेग ६ मीटर राहतो, मोठ्यात साडेतीनच. उभ्या पाइपसाठी ५ मीटरचा ढोबळ नियम पाळतात. नेमकी मर्यादा गॅसची घनता आणि पाइपचा व्यास यांवर ठरते आणि बऱ्याचदा याहून कमी असते, पण भार आणखी उतरला की मोठ्या पाइपमधली ही सवलत लवकर संपते. ‘मोठा पाइप म्हणजे सुरक्षित’ ही समजूत मला म्हणूनच धोक्याची वाटते.

यावर उपाय यंत्रणेतच असतो. ठरावीक वेळाने ती तेल परत आणण्याचा क्रम चालवते: कॉम्प्रेसर वेगाने फिरतो, आतल्या युनिटांचे व्हॉल्व्ह उघडतात आणि साचलेलं तेल वर लोटलं जातं. बंद युनिटमधूनही त्या वेळी सुसू आवाज येऊ शकतो. तो बिघाड नव्हे. पाइपमध्ये यू आकाराचे तेलसापळे काही कंपन्या सांगतात, काही साफ नको म्हणतात. त्या-त्या मॉडेलची पुस्तिकाच इथे प्रमाण मानावी.

तेल अडकल्याची लक्षणं अशी: कॉम्प्रेसरचा आवाज खरखरीत होतो, तो जास्त तापून बंद पडतो, आणि हे बहुधा कमी भाराच्या दिवसांनंतर. अशा वेळी तेल कमी आहे म्हणून वरून ओतणं चुकीचं. हरवलेलं तेल पाइपमध्येच असतं; भार वाढताच ते एकदम परत येतं, आणि द्रवाचा तो लोंढा कॉम्प्रेसरला इजा करू शकतो. आधी पाइपचा व्यास, लांबी आणि उंची मूळ आराखड्याशी ताडून पाहावी.