रेडी रेकनरचा कोणता आकडा बदलला?

रेडी रेकनरचे नवे दर साधारणपणे 1 एप्रिलला लागू होतात. गेल्या वर्षीचा तक्ता एक्सेलमध्ये आधीच उतरवलेला असतो, नवा पीडीएफमधून काढायचा. मग दोन्ही शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडली, की फसगत ठरलेली. मध्ये एक नवा उपविभाग घातला असेल, तर त्याखालची प्रत्येक ओळ ‘बदललेली’ दिसते. म्हणून जोडी लावायची ती विभाग आणि उपविभाग क्रमांकावरून. ज्यांना जोडीदार मिळत नाही, त्या ओळींची यादी वेगळी.

त्याआधी देवनागरी अंक, स्वल्पविराम आणि जादा स्पेस एकसारखे करून घ्यावेत. नाहीतर ‘४५,२००’ आणि ‘45200’ हाही बदल ठरतो. रिकामा चौकोन मात्र शून्य मानू नये.

समजा, सदनिकेचा दर चौरस मीटरला 45,200 वरून थेट 4,72,001 झाला. इथे बहुधा 47,200 ला तळटीपेचा 1 चिकटलेला असतो. चूक जुन्या फाइलमध्येही असू शकते, आणि ती जास्त छळते, कारण वर्षभर तिच्यावर विश्वास ठेवलेला असतो. म्हणून यादीतला प्रत्येक फरक दोन्ही मूळ पानांवर डोळ्यांनी पाहावा. दोन्हीकडे सारखीच चुकलेली घरे या यादीत येतच नाहीत.