कुणाला काय विचारायचं?

नोकरी बदलावी का, हा प्रश्न आपण सहसा भेटेल त्याला विचारतो. वडील म्हणतात, चांगलं चाललंय तर कशाला हलायचं? मित्र म्हणतो, पगार वाढतोय ना, मग घे. दोघंही आपल्या भल्याचंच बोलतात, पण एकाचं उत्तर काळजीतून येतं आणि दुसऱ्याचं हौसेतून. समोर आलेल्या नोकरीची माहिती दोघांनाही नसते. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण खरीच आहे. पण कोणाचं कशाबाबत ऐकायचं हे आधी ठरवलं, तर मनाचं करणंही सोपं जातं.

त्यासाठीच वेगवेगळ्या प्रश्नांसाठी चार-पाच वेगवेगळी माणसं ठरवून ठेवावीत, स्वतःचं एक छोटं सल्लागार मंडळ असावं, असं म्हणतात. या विचाराला अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेतल्या संशोधक कॅथी क्रॅम यांनी १९८५च्या आपल्या पुस्तकात ज्येष्ठ सहकारी नवख्याला कशी मदत करतो, याची मांडणी केली. काही मदत कामात पुढे नेणारी असते, तर काही मनाला उभारी देणारी. पुढे २००१मध्ये त्यांनी मोनिका हिगिन्स यांच्यासोबत दाखवून दिलं, की ही सगळी मदत एकाच गुरूकडून मिळते असं धरून चालू नये. ती अनेकांकडून थोडी थोडी येत असते.

हे प्रत्यक्षात कसं करायचं, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. तिथे क्वालिटी विभागात काम करणारी एक इंजिनिअर आहे. नोकरीला चार वर्षं दोन महिने झालेत, वर्षाचं पॅकेज १४ लाख, बेसिक महिना ६० हजार. बंगळुरूच्या एका नव्या इलेक्ट्रिक दुचाकी कंपनीने तिला १९ लाख देऊ केले आहेत. सोबत आठ माणसांची टीम. नवरा पुण्यात नोकरीला, मुलगी पाचवीत.

‘जाऊ का?’ हा एक प्रश्न नाही. त्यात निदान पाच प्रश्न दडलेले आहेत. या कामाला पुढे भवितव्य आहे का? हे मला जमेल का? पैशाचा हिशेब काय सांगतो? त्या कंपनीत आतून काय चालतं? आणि घराचं काय? ती पाच प्रश्न कागदावर उतरवते आणि प्रत्येकासमोर एकेक नाव लिहिते.

पहिला प्रश्न ती याच क्षेत्रात सात-आठ वर्षं पुढे असलेल्या एका सरांना विचारते. ते म्हणतात, बॅटरी पॅकच्या तपासणीचं काम शिकून घे; इंजिनाचे भाग तपासण्यापुरतंच स्वतःला बांधून ठेवू नकोस. दुसरा प्रश्न ती जुन्या बॉसला विचारते, कारण त्यांनी तिचं काम जवळून पाहिलंय. त्यांचं उत्तर टोचणारं असतं: ‘पुरवठादारांचं ऑडिट तुझ्यासारखं कुणी करत नाही. पण प्रॉडक्शनवाल्यांनी आवाज चढवला की तू गप्प बसतेस.’

पैशाचा प्रश्न ती ओळखीच्या एका सीएकडे नेते. त्या आधी ऑफर लेटर मागतात. १९ लाखांपैकी ३ लाख कामगिरीवर अवलंबून आहेत, म्हणजे खात्रीचे १६. खरी वाढ वर्षाला २ लाख, महिन्याला साधारण १६,७००, तीही कर जायच्या आधी. पुण्यात घर स्वतःचं आहे. बंगळुरूत महिना ३० हजार भाडं द्यावं लागेल. शिवाय पाच वर्षं पूर्ण व्हायला दहा महिने उरलेत. आत्ता सोडलं तर ग्रॅच्युइटीवर पाणी सोडावं लागेल. शेवटचा बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५ वर्षं, म्हणजे सुमारे १ लाख ७३ हजार रुपये. कागदावर ५ लाखांची वाढ दिसणारी ऑफर हातात तोट्याची ठरते.

कंपनी आतून कशी आहे, हे जवळच्यांपैकी कुणालाच ठाऊक नसतं. इथे लांबची ओळख उपयोगी पडते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरदारांचा अभ्यास मांडला. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर भेट होत असे. बाकीच्यांची क्वचित किंवा कधीमधी. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना बहुतेक तेच माहीत असतं, जे आपल्याला माहीत असतं. आपली इंजिनिअर पूर्वी एका प्रशिक्षणात भेटलेल्या आणि आता त्या कंपनीत असलेल्या एकाला फोन करते. तो सांगतो, तिथे क्वालिटीचा प्रमुख प्रॉडक्शनच्या प्रमुखाच्या हाताखाली आहे. माल सदोष दिसला तरी लाइन थांबवायचा अधिकार क्वालिटीला नाही. जुन्या बॉसचं बोलणं आणि ही माहिती शेजारी ठेवली की धोका स्पष्ट दिसतो.

घरचा प्रश्न नवऱ्याशी बोलायचा. त्याचं मत इतरांसारखा नुसता सल्ला नाही, कारण निर्णयाचे परिणाम तोही भोगणार आहे.

आता उत्तरं एकमेकांना छेद देतात. सर जा म्हणतात, सीए थांब म्हणतात. इथे मतं मोजायची नसतात. प्रत्येक आक्षेपाची अट करायची आणि ती कंपनीपुढे ठेवायची. ती तीन गोष्टी मागते: खात्रीचा पगार वाढवा, ग्रॅच्युइटीची भरपाई जॉइनिंग बोनसमधून द्या, आणि क्वालिटीला लाइन थांबवायचा अधिकार द्या. पहिल्या दोन मान्य होतात, तिसरी नाही. ती नकार कळवते. सरांचा सल्ला मात्र ती सोडत नाही. आपल्याच कारखान्यात इलेक्ट्रिक गाड्यांच्या भागांचं नवं काम सुरू होतंय, त्यात ती बदली मागते.

माणसं निवडताना दोन गोष्टी पारखाव्यात. पहिली, हितसंबंध. सध्याच्या बॉसला तुम्ही जायला नको असता. भरती करून देणाऱ्या एजंटला तुम्ही रुजू झालात तरच फी मिळते. त्यांच्याकडून माहिती घ्यावी, कौल घेऊ नये. दुसरी, ताजेपणा. ज्यांनी वीस वर्षांत नोकरी बदललेली नाही, त्यांच्याकडून कामातले बारकावे शिकावेत, आजच्या पगाराचा अंदाज नव्हे. आणि पाचही जण एकाच ऑफिसातले, एकाच वयाचे असतील, तर पाच माणसांकडून एकच उत्तर मिळतं.

मंडळ नेमल्याचं कुणाला सांगायची गरज नाही. मागणी नेमकी हवी: ‘सर, तुमची वीस मिनिटं हवी होती. तुम्ही टीम पहिल्यांदा हातात घेतलीत तेव्हा सगळ्यात अवघड काय गेलं?’ ‘मी काय करू?’ असं विचारलं की मत मिळतं. त्यांनी काय केलं हे विचारलं की अनुभव मिळतो. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला त्याच्या नावानिशी सांगू नये, विशेषतः कंपनीच्या आतली गोष्ट. आणि निर्णय झाला की प्रत्येकाला दोन ओळी कळवाव्यात, सल्ला मानला नसेल तर कारणासह. बहुतेकांची तक्रार सल्ला न मानल्याची नसते. विचारून गेल्यावर पुन्हा काहीच न कळवल्याची असते.

एक खूण लक्षात ठेवावी. चौघांनी नको म्हटल्यावर तुम्ही पाचवा शोधायला निघालात, तर निर्णय आधीच झालेला आहे आणि तुम्ही फक्त होकार गोळा करताय. अशा वेळी फोन थांबवावेत, आणि त्या चौघांनी सांगितलेल्या अडचणींचं आपण काय करणार आहोत, ते कागदावर लिहावं.