छतावरील सौर वायरींची ऊन आणि उंदरांपासून राखण

वलगाव परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि सिमेंटची गच्ची त्याहून अधिक तापते. शाळा-वसतिगृहांच्या छतावरील सौर पॅनेल हे ऊन वीस-पंचवीस वर्षे सोसू शकते. त्याला जोडलेली वायर मात्र चुकीची असेल, तर काही उन्हाळ्यांतच तिचे आवरण कडक होते, तडकते आणि आतले तांबे उघडे पडते.

घरातल्या फिटिंगची साधी पीव्हीसी वायर सावलीसाठी असते. छतावर ‘सोलर डीसी केबल’च हवी. तिच्या तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या असतात आणि वरचे दुहेरी आवरण उन्हाला टिकते. खरेदी करताना केबलवर ‘आयएस १७२९३’ हा क्रमांक छापलेला आहे का, ते पाहावे.

समजा, वसतिगृहावर ५४० वॅटची सहा पॅनेल एका ओळीत जोडली आहेत. भर उन्हात त्या ओळीत सुमारे २५० व्होल्ट दाब असतो. इन्व्हर्टर २५ मीटरवर असला, तरी ४ चौरस मिलिमीटरची केबल पुरते. पण मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या वायरीत वीज राहतेच. म्हणून उघडी पडलेली वायर फार धोक्याची. तिथे उडालेली ठिणगी सहज विझत नाही आणि आग लागू शकते.

उन्हाला टिकणारी केबल उंदराच्या दातांना टिकेलच असे नाही. उंदीर आणि खारी पॅनेलखालच्या सावलीत घरटे करतात. त्यांचे दात सतत वाढतात, म्हणून ते वायर कुरतडतात. यासाठी पॅनेलखालची वायर लोंबती न ठेवता लोखंडी सांगाड्याला स्टीलच्या क्लिपने घट्ट बांधावी. नायलॉनचे साधे पट्टे उन्हाने तुटतात. तिथून इन्व्हर्टरपर्यंत जीआय पाईप घ्यावा. प्लास्टिकचा पाईप उंदीर कुरतडतो. पाईप गच्चीवर टेकवू नये, ठोकळ्यांवर उचलून बसवावा आणि त्याला अर्थिंग करावे. त्याचे तोंड खाली वळवावे, म्हणजे पावसाचे पाणी आत जाणार नाही. तोंडाशी रबरी ग्लँड बसवावा, नाहीतर पाईपची धार केबल कापते. ग्लँडभोवती फट राहिली, तर ती बारीक तारेच्या जाळीने बुजवावी. नुसता फोम भरून भागत नाही, उंदीर तो पोखरतात.

बिघाड ओळखण्याची एक खूण आहे. पावसाळ्यात किंवा दव पडलेल्या सकाळी इन्व्हर्टर ‘इन्सुलेशन’चा दोष दाखवून बंद राहतो आणि ऊन चढून सगळे सुकले की आपोआप चालू होतो. असे घडले, तर बहुधा कुठेतरी आवरण फाटले आहे आणि ओलाव्यातून वीज गळते आहे. आपोआप चालू झाला म्हणून दुर्लक्ष करू नये. वायरीला हात न लावता तंत्रज्ञाला बोलवावे. पॅनेलचे जोड चालू विजेत कधीही ओढून सोडवू नयेत.