आव पडते, पण अमिबा सापडत नाही

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेले पातळ जुलाब साध्या अपचनाने किंवा विषाणूमुळे झालेले असण्याची शक्यता कमी असते. विषाणूंचे जुलाब बहुधा आठवड्याभरात आपोआप थांबतात. त्याहून लांबले, सोबत आव पडू लागली, पोटात मुरडा येऊ लागला, की दोन परजीवींचा विचार करावा लागतो: एन्टामिबा हिस्टोलिटिका, म्हणजे बोलीतला ‘अमिबा’, आणि जिआर्डिया. दोन्ही दूषित पाण्यातून, कच्च्या भाजीतून किंवा न धुतलेल्या हातांतून पोटात जातात. दोघांची नावे एका दमात घेतली जात असली, तरी त्यांची वस्ती वेगळी असते आणि त्यामुळे लक्षणेही वेगळी दिसतात.

अमिबा मोठ्या आतड्यात राहतो आणि तिथले अस्तर कुरतडतो. त्याचे शौच थोडे थोडे, वारंवार आणि चिकट येते, कधी त्यात रक्त असते, आणि जाऊन आल्यावरही पोट मोकळे झाल्यासारखे वाटत नाही. जिआर्डिया लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात चिकटून बसतो. तो अस्तर कुरतडत नाही, पण अन्नातली चरबी आणि साखर शोषली जाण्यात अडथळा आणतो. त्यामुळे शौच तेलकट, भसाभस आणि फार दुर्गंधीचे होते, गॅस धरतो, कुजक्या अंड्यासारखे ढेकर येतात आणि वजन उतरते. यात रक्त सहसा नसते. ‘आव म्हणजे अमिबाच’ हे गृहीत मात्र चुकीचे आहे. आव म्हणजे आतड्याच्या अस्तरातून झिरपणारा चिकट स्राव. तो जिवाणूंच्या आमांशात दिसतो, आतड्याला सूज आणणाऱ्या दीर्घ आजारांत दिसतो आणि ‘आयबीएस’ नावाच्या, तपासणीत काहीच न सापडणाऱ्या तक्रारीतही दिसतो.

म्हणून शौच तपासणे आले, आणि घोळ तिथेच सुरू होतो. आतड्यात हे जीव दोन रूपांत असतात. एक हालचाल करणारे, नाजूक रूप, आणि दुसरे जाड कवचात बंद झालेले, म्हणजे सिस्ट. पातळ शौचात मुख्यतः पहिले रूप येते आणि बाहेर पडल्यावर ते अर्ध्या ते एका तासात मरून विरघळू लागते. हॉलंडच्या लेव्हेनहुकने 1681 मध्ये घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली हलणारे जिआर्डिया पाहिले, तेव्हा त्याने स्वतःचेच शौच तपासले होते. प्रयोगशाळा आणि संडास यांत त्याच्याकडे अंतरच नव्हते! आजचा रुग्ण सकाळी साडेसहाला डबी भरतो आणि ऑफिसला जाताना साडेनऊला लॅबमध्ये देतो. तोवर हलणारा अमिबा उरलेला नसतो. घट्ट शौचात सिस्ट असतात आणि त्या टिकाऊ असतात, पण त्या रोज बाहेर पडत नाहीत. म्हणून एका डबीवर ‘काही आढळले नाही’ असा निकाल आला, तर परजीवी नाहीत असे सिद्ध होत नाही. एक दिवस आड करून दहा दिवसांत तीन नमुने दिले, तर सापडण्याची शक्यता बरीच वाढते.

नमुना घेताना चिकट किंवा रक्ताळलेला भाग आवर्जून डबीत यायला हवा, कारण जीव तिथेच असतात. लघवी आणि पाणी मिसळू देऊ नये, लघवीने हलते रूप मरते. अँटिबायोटिक, पोटासाठीच्या पांढऱ्या औषधांच्या बाटल्या किंवा रेचक घेतले असेल, तर तपासणी किमान दोन आठवडे पुढे ढकलावी लागते किंवा डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे लागते. आणखी एक अडचण अशी की, रिपोर्टवर ‘अमिबाची सिस्ट दिसली’ असे असले, तरी ती हिस्टोलिटिकाची असेलच असे नाही. एन्टामिबा डिस्पार नावाचा त्याचा निरुपद्रवी भाऊबंद सूक्ष्मदर्शकाखाली अगदी तसाच दिसतो. अमिबाच्या पोटात रक्ताच्या लाल पेशी दिसल्या, तरच सूक्ष्मदर्शकावर भरवसा ठेवता येतो. एरवी अँटिजेन किंवा पीसीआर चाचणी फरक सांगते. जिआर्डियासाठी अँटिजेन चाचणी सूक्ष्मदर्शकापेक्षा अधिक खात्रीची.

आता एक नमुनेदार रुग्ण घेऊ. चाळिशीतला गृहस्थ यात्रेहून परतला आणि दिवसाला पाच-सहा पातळ, चिकट शौच सुरू झाले. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून त्याला ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी मिळाली. त्याने तीन दिवस गोळ्या घेतल्या, बरे वाटले, उरलेल्या खिशात ठेवल्या. तीन आठवड्यांनी तेच पुन्हा. पुन्हा पट्टी, पुन्हा आराम. तिसऱ्या खेपेला गोळ्या चालू असतानाच शौच तपासले, आणि रिपोर्टवर फक्त ‘आव आहे, पू-पेशी 8 ते 10’. मग दोन आठवडे औषध बंद ठेवून तीन नमुने दिले. दुसऱ्या नमुन्यात, अर्ध्या तासाच्या आत तपासल्यामुळे, लाल पेशी गिळलेले अमिबा हलताना दिसले.

आधीच्या गोळ्यांनी काय केले होते? मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल या एकाच घराण्यातल्या औषधांचा मोठा भाग लहान आतड्यातच शोषला जातो आणि रक्तामार्गे आतड्याच्या भिंतीत पोहोचतो. तिथला अमिबा मरतो, म्हणून आराम पडतो. पण मोठ्या आतड्याच्या पोकळीत, शौचात बसलेल्या अमिबापर्यंत आणि सिस्टपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. मेट्रोनिडाझोल पूर्ण घेऊनही अनेक रुग्णांच्या पोकळीत अमिबा शिल्लक राहतो, तिथे तीन दिवसांच्या गोळ्यांची काय कथा! म्हणून योग्य उपचार दोन टप्प्यांत होतात. आधी मेट्रोनिडाझोलसारखे औषध सात ते दहा दिवस, आणि त्यानंतर पोकळीतच राहणारे डिलॉक्झॅनाइड फ्युरोएट, प्रौढांना साधारण 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दहा दिवस. मात्रा डॉक्टरच ठरवतात, आणि मेट्रोनिडाझोलच्या काळात दारू वर्ज्य असते. दुसरा टप्पा कित्येकदा लिहिलाच जात नाही, आणि लिहिला तरी बरे वाटल्यामुळे कोणी घेत नाही.

जिआर्डियात फसगत वेगळ्या वाटेने होते. टिनिडाझोलच्या एका मोठ्या मात्रेनेही तो बहुधा जातो. पण त्याने दुखावलेल्या आतड्याला दुधातली साखर काही आठवडे पचत नाही. दूध घेतले की पोट फुगते आणि जुलाब होतात. त्यावर आजार परत आला असे समजून दुसरा, तिसरा कोर्स केला जातो. खरे तर दूध काही आठवडे थांबवून पाहणे पुरते. दुसरे कारण घरातच असते. लहान मुलाला तोच जिआर्डिया असतो, त्याला काही त्रास नसतो, आणि त्याचे ढुंगण धुणारी आई पुन्हा पुन्हा आजारी पडते.

जुलाबासोबत ताप, रक्त, रात्री झोपेतून उठवणारी शौचाची घाई किंवा वजन घटणे असेल, तर लोपरामाइडसारख्या थांबवणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत आणि तपासणी लांबवू नये. आतड्याला सूज आणणारा आजार समजून स्टेरॉइड सुरू केले आणि मुळात अमिबा निघाला, तर आतडे फाटण्याइतकी गुंतागुंत होते. त्यामुळे अशा रुग्णात अमिबा नाही याची खात्री आधी करावी लागते. आणि आतड्यातून यकृतात गेलेला अमिबा तिथे गळू करतो, तेव्हा उजव्या बरगडीखाली दुखते आणि ताप येतो, पण बहुतेक रुग्णांना त्या वेळी जुलाब होतच नसतात.